वही उघडून ठेवली

नमस्कार श्रोतेहो.

धान घरात आलं की पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत नाटकांचे दिवस येतात. दिवाळीपासून होळीपर्यंत, कुठं मंडईची जत्रा तर कुठं बैलांच्या शर्यतीचा शंकरपट, आणि रात्री नाटक. पडदा उशिरा उघडतो, प्रेक्षक उजाडेपर्यंत बसतो. या मोसमासाठी मी नाटकं लिहितो. गेल्या वर्षी वडशात, चार नाटकवाल्यांसमोर, एक ज्येष्ठ लेखक मला म्हणाले, "भाऊ, तुमचा दुसरा अंक माझा आहे."

कान तापले, खोटं कशाला सांगू. पण मी एवढंच विचारलं, "अंकातलं नेमकं काय जी? कोणता प्रवेश, कोणतं वाक्य?" 'सगळंच चोरलं' या आरोपाला उत्तर देता येत नाही, 'हे वाक्य चोरलं' याला देता येतं. दोन दिवसांनी त्यांनी कागदावर तीन गोष्टी लिहून दिल्या. सावकारापायी बैलजोडी विकली जाते. बैलाच्या गळ्यातली घंटी लेक लपवून ठेवते. आणि सावकाराच्या छत्रीवरचा एक विनोद.

पहिल्या गोष्टीवर मी फार बोललो नाही. कर्ज आणि बैल आमच्याकडच्या कितीतरी नाटकांत आहेत, त्यांच्याही आधी होते. कायदाही तेच सांगतो. आर. जी. आनंद नावाच्या नाटककारांनी 'न्यू देहली' हा 1956 सालचा सिनेमा आपल्या 'हम हिंदुस्तानी' नाटकावरून उचलला, असा दावा केला होता. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 1978 साली निकाल लागला. प्रांतवादाचा विषय दोन्हीकडे होता, तरी कोर्टाने दावा फेटाळला. कल्पनेवर कोणाची मालकी नसते, ती मांडण्याच्या रीतीवर असते. दोन्ही कृती पाहिलेल्या माणसाला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असं स्पष्ट वाटलं पाहिजे, असा तो निकाल.

घंटीचं मात्र तसं नव्हतं. कर्ज कोणालाही सुचेल, लपवलेली घंटी दोघांना सुचली तर शंका येणारच. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही आली असती. म्हणून मी माझी कच्ची वही आणली आणि सगळ्यांसमोर उघडून ठेवली. पहिल्या खर्ड्यात बैल नव्हतेच, म्हैस होती. मुलगी तिचं दावं लपवते. चार पानं पुढं म्हैस खोडून बैल केले, पण दावं तसंच राहिलं. नंतर समासात लिहिलंय, 'दावं अंधारात दिसणार नाही, आवाज पाहिजे.' तिथून घंटी आली. नक्कल करणाऱ्याच्या वहीत अशी वाट चुकलेली पानं सहसा नसतात. त्याला घंटी पहिल्या दिवसापासून माहीत असते.

पण वही माझ्याच घरातली. ती मी काल रात्री बसूनही लिहू शकलो असतो, हे मीच बोलून दाखवलं. टपालाच्या शिक्क्यावर तारीख मिळावी म्हणून काही लेखक आपलं लिखाण बंद पाकिटात घालून स्वतःच्याच पत्त्यावर टाकतात. पाकीट आधी उघडं पाठवून नंतर चिकटवता येतं, म्हणून त्यालाही फारसा अर्थ नाही. फोनमधल्या फाईलची तारीख तर नुसती नक्कल काढली तरी बदलू शकते. पुरावा दुसऱ्याच्या हातातला हवा. माझ्या नशिबानं त्या पानांचे फोटो मी आमच्या प्रॉम्प्टरला पाठवले होते, आणि ते त्याच्या फोनवर तारखेसकट होते. ज्येष्ठांच्या नाटकाचा पहिला प्रयोग त्यानंतर दोन महिन्यांनी झाला होता. त्यांनी तारीख दोनदा पाहिली. मी गप्प बसलो. तिथं बोललो असतो तर ती तारीख बाजूला पडली असती आणि माझा आवाजच लोकांच्या लक्षात राहिला असता.

राहिली छत्री. माझ्या मूळ वहीत तो विनोद नव्हता. प्रॉम्प्टरच्या प्रतीत मात्र होता, पेन्सिलीने, मधे कोंबलेला. आमच्याकडे तालमी थोड्या, नट पदरचं घालतात आणि हशा आला की प्रॉम्प्टर ते टिपून ठेवतो. सावकाराचं काम करणारा नट आदल्या मोसमात त्या ज्येष्ठांच्या नाटकात होता. बोलावून विचारलं, तर बिचारा हसून म्हणाला, "मले वाटलं माझाच जोक आहे."

म्हणजे तिसरी गोष्ट खरी होती. मी तिथंच म्हणालो, "छत्री तुमची. उद्यापासून निघाली." ज्येष्ठांनी आपला कागद घेतला, पहिल्या दोन ओळींवर रेघ मारली, तिसरी ठेवली आणि खाली दोघांच्या सह्या झाल्या.

दुसऱ्या रात्री प्रयोग होता. सावकार आला, सवयीनं काखेकडे हात गेला, छत्री नव्हती. त्या जागी हशा आला नाही. अजूनही येत नाही; नवीन वाक्य सुचलेलं नाही.

नमस्कार.