पहिला हशा कितव्या वाक्याला?

स्किट लांबलंय असं वाटलं की आपण प्रत्येक संवादातले दोन-दोन शब्द उडवतो. त्यानं पानं कमी होतात, पण हशा उशिराच येतो. म्हणून आधी पहिल्या हशावर बोट ठेवा आणि तिथून उलटं वाचत जा. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा: हे काढलं तर तो हशा मरेल का?

माझंच एक स्किट सांगतो. रखवालदाराच्या जागेसाठी मुलाखत चालू आहे आणि आलेला उमेदवार चोर आहे. पहिल्या खर्ड्यात नमस्कार, बसा, नाव, शिक्षण, घरचे कसे आहेत, सगळं होतं. मग साहेब म्हणायचे, "आमच्याकडे फार चोऱ्या होतात हो." पहिला पंच एकोणिसाव्या संवादाला होता. मोठ्यानं वाचलं तेव्हा तिथं पोहोचायला ऐंशी सेकंद लागले.

आता ते असं सुरू होतं:

"रखवालदारीचा अनुभव?"
"बारा वर्षं इथंच येतोय."
"इथं? आम्ही तर तुम्हाला कधी पाहिलं नाही!"
"कसं पाहाल? रात्री येतो. तिजोरीपर्यंत."

'तिजोरी' हा शब्द शेवटी आहे, ते मुद्दाम. आधी मी लिहिलं होतं, "तिजोरीपर्यंत मी रात्री येतो, म्हणून तुम्हाला दिसलो नाही." लोक 'तिजोरी'ला हसायला लागायचे आणि उरलेलं वाक्य त्या हशात बुडायचं. मराठीत वाक्य क्रियापदावर संपवायची सवय असते. पंचाच्या वाक्यात ती मोडावी लागते.

चोऱ्यांची तक्रार मात्र मी फेकली नाही. ती आधी आली की प्रेक्षकाच्या डोक्यात चोर शिरतो आणि पंच तो आपल्याआधी ओळखतो. म्हणून ती हशाच्या पलीकडे नेली:

"म्हणजे मागच्या महिन्यातली चोरी..."
"ती माझी नाही, साहेब. तो सापडला."

पंचाच्या आधी जड वाटणारं वाक्य इथं दुसऱ्या हशाची शिडी झालं. कात्री चालवताना हे आवर्जून तपासा, कारण बरीचशी माहिती खोटी नसते, फक्त लवकर आलेली असते.

कात्री जास्तही चालते. एका वाचनात मी "आम्ही तर तुम्हाला कधी पाहिलं नाही" हे वाक्य काढलं, कारण त्यावर कुणी हसत नव्हतं. पंच पडला आणि शांतता. कंटाळ्याची शांतता वेगळी असते, त्यात लोक खुर्चीत हलतात. इथं ते स्थिर होते, कपाळाला आठ्या घालून दुवा शोधत होते. साहेबाचा तो साधा अचंबाच उमेदवाराच्या उत्तराला जागा करून देत होता. ते वाक्य परत घातलं. 'रखवालदारी' हा शब्दही पहिल्याच ओळीत ठेवला, कारण नोकरी कसली हे कळलं नाही तर चोर विनोदी वाटत नाही, नुसता चोर वाटतो.