संतापलेल्या ग्राहकाला पहिलं उत्तर

मित्रहो, सदोष माल आणि चिडलेला ग्राहक या विषयावर बोलायचं तर तासन्‌तास बोलता येईल. पण मी आज एकच पत्र आणि त्याचं एकच उत्तर घेणार आहे. वस्तू बदलून द्यायची असं कंपनीने ठरवलेलं असतं, तरीही ते सांगणारं उत्तर इतकं वाईट लिहिलेलं असतं की ग्राहक आणखी भडकतो. हे मला फार लागतं, कारण नवी वस्तू पाठवण्याचा खर्च कंपनी करतेच आणि तरी माणूस दुखावलेलाच राहतो.

नमुन्यादाखल मी एक पत्र तयार केलंय. वस्तू आहे विजेची किटली.

“किटली घेऊन तीन आठवडेही झाले नाहीत आणि ती तळातून गळायला लागली. काल पाणी ओट्यावरून थेट प्लगपर्यंत गेलं. घरात लहान मूल आहे. तुमच्या नंबरवर फोन केला तर वीस मिनिटं गाणी ऐकवली आणि फोन कट झाला. परत केला तर म्हणे बिलाचा फोटो पाठवा. तो पाठवला, पुढे काहीच नाही. असला भंगार माल विकताना लाज कशी वाटत नाही? आता काय करणार ते सांगा.”

उत्तराला हात घालण्याआधी हे पत्र दोनदा वाचा. पहिल्या वाचनात ‘भंगार’ आणि ‘लाज’ हेच शब्द दिसतात आणि आपली लेखणी नकळत बचावाला लागते. दुसऱ्यांदा वाचताना फक्त घडलेल्या गोष्टींखाली रेघ मारा. मग दिसतं की इथे दोन तक्रारी आहेत. एक किटलीची, दुसरी फोनची. किटली तळातून गळाली हा मालातला दोष. बिल पाठवूनही कुणी विचारलं नाही हा आपल्या कामातला दोष, आणि माझ्या मते खरा संताप या दुसऱ्याचा आहे. किटली बिघडली म्हणून माणूस एक फोन करतो. ‘लाज कशी वाटत नाही’ हे तो दुसऱ्या फोननंतर लिहितो. त्यामुळे नुसती नवी किटली पाठवली तर अर्ध्याच तक्रारीचं उत्तर दिल्यासारखं होईल. आणि या दोन्हींच्याही आधी येते ती पाणी प्लगपर्यंत गेल्याची गोष्ट. ती नाराजीची बाब नाही, धोक्याची आहे.

आता सर्रास जातं ते उत्तर ऐका.

“आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आमची सर्व उत्पादने कठोर तपासणीतून जातात. किटलीत कमाल खुणेच्या वर पाणी भरल्यास ते बाहेर सांडू शकते. कृपया बिलाची प्रत, सिरियल नंबर आणि गळतीचा व्हिडिओ पाठवावा. तपासणीअंती आमच्या धोरणानुसार योग्य ती कार्यवाही केली जाईल.”

यात एकही शिवी नाही, भाषा सभ्य आहे, आणि तरी हे उत्तर वाचून माणूस टेबलावर मूठ आपटेल. ‘गैरसोय’ कुठली? पाणी प्लगपर्यंत गेलं याला गैरसोय म्हणत नाहीत. माल तपासूनच बाहेर पडतो असं सांगणं म्हणजे तुमच्या बोलण्यावर आमचा विश्वास नाही असं सुचवणं. कमाल खुणेचं वाक्य तर सरळ ग्राहकावर दोष टाकतं, तेही किटली न बघता. किटलीत जास्त पाणी भरलं तर उकळताना ते तोटीतून किंवा झाकणाशी बाहेर येतं हे खरं, आणि कधीकधी ते बाजूने ओघळून तळाशी साचतं हेही खरं. पण तळाच्या तापणाऱ्या पट्टीभोवतीचं रबरी सील नीट बसलेलं नसेल तरीही पाणी तिथेच दिसतं. नेमकं काय झालं हे किटली हातात आल्यावर कळेल. तोवर कारणाबद्दल गप्प राहणंच बरं. बिलाची प्रत त्यांनी आधीच पाठवली आहे. ती पुन्हा मागितली की आधीचं पत्र कुणी वाचलंच नाही याचा पुरावा आपणच त्यांच्या हातात देतो.

पण या उत्तरातली सगळ्यात गंभीर चूक आहे ती व्हिडिओची मागणी. गळतीचा व्हिडिओ काढायचा म्हणजे काय करायचं? किटली पुन्हा भरायची, प्लग लावायचा, बटण दाबायचं आणि पाणी विजेच्या दिशेने वाहताना समोर उभं राहायचं. छापील मजकुरात ‘व्हिडिओ पाठवा’ हे वाक्य असतं, ते फाटलेल्या शिवणीला आणि गळणाऱ्या किटलीला सारखंच चिकटवलं जातं. वीज, आग, काच, धारदार पातं यांतलं काहीही तक्रारीत असेल तर छापील मजकूर बाजूला ठेवा.

मी लिहीन ते उत्तर असं:

“नमस्कार. कृपया किटली पुन्हा वापरू नका, गळती तपासून बघण्यासाठीही नाही. प्लग आणि त्याभोवतीची जागा ओली असेल तर हात न लावता आधी त्या ठिकाणची वीज मुख्य बटणावरून बंद करा, मगच प्लग काढा.

किटली तळातून गळाली आणि पाणी प्लगपर्यंत गेलं, ही गंभीर गोष्ट आहे. फोनवर आपल्याला ताटकळत ठेवलं आणि बिल मिळूनही आम्ही उत्तर दिलं नाही, याबद्दल आम्ही आपली माफी मागतो. बिल आमच्याकडे आहे, ते पुन्हा पाठवावं लागणार नाही.

आम्ही आपल्याला याच मॉडेलची नवी किटली पाठवत आहोत. ती बुधवारी इथून निघेल आणि शुक्रवारपर्यंत आपल्याला मिळेल. नवी किटली आणणारा माणूसच जुनी घेऊन जाईल. खोका नसला तरी चालेल, आणि आपल्याला कसलाही खर्च नाही. नवी किटली नको असेल तर पूर्ण रक्कम परत करू. मंगळवार संध्याकाळपर्यंत या पत्राला ‘पैसे’ एवढंच उत्तर पाठवा.

एक विनंती आहे. रिकाम्या, प्लग काढलेल्या किटलीच्या तळावरच्या लेबलचा फोटो जमल्यास पाठवा. त्यावरून बॅच कळेल आणि त्या बॅचच्या बाकीच्या किटल्या तपासता येतील. फोटो नाही आला तरी वरचं काहीही अडणार नाही.

आपली तक्रार मी स्वतः बघत आहे. खाली माझं नाव आणि थेट नंबर दिला आहे.”

यातला क्रम मुद्दाम लावलाय. सावधगिरी पहिली, कारण बाकी पत्र वाचायला उद्या उजाडलं तरी चालेल, ते वाक्य आत्ताच वाचलं गेलं पाहिजे. मग जे घडलं ते त्यांच्याच तपशिलांसह, म्हणजे पत्र वाचलंय हे सांगावं लागत नाही, दिसतं. माफी नेमक्या गोष्टीची आहे. ‘जर आपल्याला त्रास झाला असेल तर’ असली माफी मागू नका, त्रास झाल्याचं त्यांनी लिहूनच दिलंय. ‘भंगार’ आणि ‘लाज’ यांना उत्तर दिलेलं नाही, ‘आपला राग समजू शकतो’ असंही म्हटलेलं नाही. बुधवार आणि शुक्रवार हे दोन वार त्या वाक्यापेक्षा जास्त समजूत काढतात. ‘लवकरात लवकर’ मात्र कधीच लिहू नका; चिडलेला माणूस त्याचा अर्थ ‘कधीच नाही’ असा घेतो, आणि पुष्कळदा त्याचं चुकत नाही. अर्थात वार लिहायचा तो गोदामाला विचारूनच. साठा नसताना दिलेला शुक्रवार टळला तर पुढच्या पत्रात काहीही लिहा, कुणी विश्वास ठेवणार नाही.

पैसे परत घेण्याचा पर्याय का दिला, असं इथे हमखास विचारलं जातं. ज्या माणसाच्या ओट्यावर पाणी प्लगपर्यंत गेलं, त्याला पुन्हा तीच किटली वापरायची भीती वाटू शकते. कायद्याने ग्राहकाचा हक्क काय आणि कितपत, हे देशोदेशी वेगळं आहे, तो तुमच्या ठिकाणी काय आहे ते माहीत हवंच. पण तो हक्क असेल तिथे बदलून देणं ही मेहेरबानी असल्यासारखं ‘विशेष बाब म्हणून’ लिहू नका.

आता नव्या किटलीबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण बदलून देण्याची गाडी घसरते ती इथे. सीलचा दोष एकाच किटलीत असेल असं नाही, अख्ख्या बॅचमध्ये असू शकतो. गोदामातून समोर दिसेल ती किटली उचलून पाठवली तर ती त्याच बॅचची निघू शकते. दुसरी किटलीही गळाली की मग कुठलंच पत्र उपयोगी पडत नाही. म्हणून शक्यतो वेगळ्या बॅचची किटली काढा आणि ती पाठवण्याआधी तपासा. नुसतं गार पाणी भरून ठेवणं पुरेसं नाही. धातू आणि प्लास्टिक तापल्यावर सारखं प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे गार असताना कोरडी राहिलेली फट गरम झाल्यावर पाझरू शकते. ओलावा लगेच उठून दिसेल अशा कागदावर किटली तिच्या खालच्या विजेच्या बैठकीसह ठेवा, कमाल खुणेच्या आत पाणी भरा, दोन-तीनदा उकळी आणा, थंड होऊ द्या आणि दर वेळी कागद बघा. मग कोरडी करून खोक्यात भरा. खोका उघडलेला असेल, आत पाण्याचा अंश असेल, म्हणून सोबत चिठ्ठी हवी: ‘ही नवी किटली आम्ही पाणी उकळून तपासली आहे, त्यामुळे खोक्याचं सील उघडलेलं आहे.’ ही चिठ्ठी विसरलात तर त्यांना वाटेल की कुणीतरी परत केलेली किटली आपल्या माथी मारली. आणि दुरुस्त केलेलीच वस्तू पाठवत असाल तर तसं आधी स्पष्ट सांगा, तिला ‘नवी’ म्हणू नका. ते मॉडेल बंद झालं असेल तर तेही सांगा आणि त्याहून कमी दर्जाचं परस्पर पाठवू नका.

या उत्तराची एक मर्यादा सांगतो. कुणाला शॉक बसला, भाजलं किंवा घरात नुकसान झालं असेल तर हे पत्र चालणार नाही. तेव्हा सावधगिरीचं वाक्य लगेच पाठवा, माणूस कसा आहे ते फोन करून विचारा आणि प्रकरण त्याच दिवशी सुरक्षा बघणाऱ्यांकडे द्या. किटली टाकू नका, उघडू नका, दुरुस्त करू नका असंही त्यांना सांगा, कारण बिघाड कशाने झाला ते शोधायचं तर ती जशीच्या तशी हवी. ‘नवी किटली घ्या आणि तक्रार मिटली असं लिहून द्या’ अशी अट अशा वेळी घालू नका. भाजलेल्या हाताची भरपाई किटलीने होत नाही.

आपलं उत्तर जमलं की नाही हे ग्राहकाच्या पुढच्या पत्रावरून कळतं. त्यांनी फक्त ‘शुक्रवारी दुपारनंतर या’ एवढं कळवलं तर जमलं, भले आभार मानले नसतील. ‘जुनीचं काय करू?’, ‘कुरिअरचे पैसे कुणी द्यायचे?’ असं विचारलं तर आपण तेवढं लिहायचं राहिलं होतं. आणि ‘ठेवा तुमची किटली, माझे पैसे द्या’ असं आलं तर समजूत घालत बसू नका. गोदामाला फोन करून पार्सल थांबवा, रक्कम त्याच दिवशी सोडा, खात्यात कधी दिसेल तो वार कळवा आणि जुनी किटली उचलायला माणूस तेवढा नक्की पाठवा. ती तपासायची अजून बाकी आहे.