काड्या, गठ्ठे आणि एक अर्ज
(माहितीपटाचे निवेदन)

(दृश्य : शाळेची फरशी. खडूने आखलेले दोन रकाने. मुलांचे हात.)

बीड जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची शाळा. तिसरीचा वर्ग आहे आणि फळ्यावर एकच गणित : त्रेपन्न वजा सत्तावीस.

बाईंना शिक्षकांसाठीच्या एका शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे. अशा अर्जात निबंध मागतात : वर्गात तुम्ही नवीन काय केलंत, आणि त्यानं मुलांच्या शिकण्यात मोजता येईल असा काय फरक पडला? परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना 2020 साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, ते पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडच्या कामासाठी सगळ्यांच्या लक्षात राहिलं. तेव्हापासून नवोपक्रम म्हटला की आधी मोबाइल आठवतो. इथे मात्र खराट्याच्या काड्या आहेत.

(दृश्य : काड्या तोडणे, मोजणे, बांधणे.)

काडी वीतभर. दहा काड्यांचा एक गठ्ठा. तो बांधायला रबर बँड घेतले तर उन्हाळ्यात ते चिकट होऊन तुटतात, म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बारीक रिंगा कापल्या आहेत. दोन मुलांत नऊ गठ्ठे आणि दहा सुट्या काड्या, म्हणजे बरोबर शंभर. अठरा मुलांच्या नऊ जोड्या, नऊशे काड्या. खर्च जवळजवळ नाहीच. वेळ जातो तो मोजण्यात, आणि तो मुलांनीच घालवायचा. दहाचा गठ्ठा ज्यानं स्वतः बांधला, त्याला तो सोडताना आत दहा आहेत हे वेगळं सांगावं लागत नाही.

(दृश्य : एक जोडी जवळून.)

आता त्रेपन्न मांडू. दशकाच्या रकान्यात पाच गठ्ठे, एककाच्या रकान्यात तीन काड्या. सत्तावीस मांडायचे नाहीत, ते यातूनच काढायचे आहेत. इथे पहिली गडबड होते. बेरजेच्या सवयीनं मुलं दोन्ही संख्या मांडतात आणि मग काय काढायचं तेच कळेनासं होतं.

सात काढायचे, हाताशी तीन. एक गठ्ठा सुटतो. दशकात चार उरले, एककात तेरा झाले. तेरातून सात गेले, उरले सहा. चार गठ्ठ्यांतून दोन गेले, उरले दोन. सव्वीस.

दुसरी गडबड जास्त चिवट असते. काड्यांचं उत्तर बरोबर येतं आणि वहीतलं चुकतं, कारण मुलं आधी काड्यांचा खेळ संपवतात आणि नंतर वेगळंच गणित लिहितात. म्हणून जोडीतला एक काड्या हलवतो आणि दुसरा त्याच क्षणी लिहितो. गठ्ठा सुटला की पाचावर काट, वर चार. तिनाच्या डोक्यावर तेरा. पुढच्या गणिताला कामं बदलायची.

एखाद्या जोडीचं उत्तर पंचवीस आलं, तर रागवण्याआधी सोडलेला गठ्ठा मोजून पाहावा. त्यात नऊच काड्या असण्याची शक्यता मोठी.

काही दिवसांनी काड्या बाजूला ठेवून चित्रं येतात, दशकाला उभी रेघ आणि एककाला टिंब. त्यानंतर नुसते अंक.

(दृश्य : चाचणीचे कागद. बाई उत्तरांचे ढीग करतात.)

निबंधाच्या पहिल्या मसुद्यात वाक्य होतं, ‘विद्यार्थ्यांमध्ये लक्षणीय प्रगती दिसून आली.’ हे वाक्य कुठल्याही अर्जात चालतं, आणि तेच त्याचं दुखणं आहे. त्याच्या जागी आकडा हवा. आकडा चाचणीतून येतो, म्हणून चाचणीतलं गणित निवडून घ्यावं लागतं.

हातच्याच्या वजाबाकीत मुलं मुख्यतः दोन प्रकारे चुकतात. एक, लहान अंक मोठ्यातून काढतात, मग तो खाली असो की वर : सातातून तीन गेले चार, पाचातून दोन गेले तीन, उत्तर चौतीस. दोन, हातचा घेतात पण दशक कमी करायला विसरतात : तेरातून सात गेले सहा, पाचातून दोन गेले तीन, उत्तर छत्तीस. उत्तर पाहूनच कोण कुठे अडलं ते कळतं.

हेच गणित बावन्न वजा सत्तावीस असतं, तर? सातातून दोन गेले पाच. बारातून सात गेले, तेही पाच. दोन्ही चुकांचं उत्तर पस्तीसच. एककांत पाचाचा फरक आला की दोन वेगळे आजार एकाच नावाखाली नोंदले जातात. चाचणीत अशी गणितं टाळायची.

उपक्रमानंतरच्या चाचणीत तेच गणित द्यायचं नाही, ते पाठ झालेलं असतं. त्याच जातीचं दुसरं द्यायचं : एक्याऐंशी वजा पस्तीस. बरोबर उत्तर शेहेचाळीस, पहिल्या चुकीचं चौपन्न, दुसरीचं छप्पन्न. काड्या दप्तराबाहेर नकोत. आणि एका गणितावर निकाल लावायचा नाही; सहा तरी हवीत. पडद्यावर समजायला सोपं म्हणून एकच घेतलं आहे.

(दृश्य : तक्ता. आकडे नमुन्यादाखल भरलेले.)

समजा, दिवाळीआधीच्या चाचणीला अठरा मुलं होती. सहा बरोबर, म्हणजे 33 टक्के. मग ऊसतोड सुरू झाली आणि चार मुलं आईवडिलांबरोबर कारखान्याकडे गेली. नंतरच्या चाचणीला चौदा मुलं, अकरा बरोबर, 79 टक्के. वाढ 46 टक्क्यांची. निबंधात हा आकडा फार उठून दिसेल, पण तो खोटा आहे.

गेलेली चारही मुलं पहिल्या चाचणीत चुकलेली होती. ती वर्गातून गेली एवढ्यानंच टक्केवारी चढली. दोन्ही चाचण्या दिलेली चौदाच मुलं धरली, तर आधी सहा बरोबर, म्हणजे 43 टक्के, आणि नंतर अकरा. वाढ 36 टक्क्यांची, म्हणजे पाच मुलांची. चौदाच्या वर्गात एक मूल सात टक्क्यांचं असतं, तेव्हा सरळ ‘चौदापैकी सहा होती, अकरा झाली’ असं लिहावं.

त्याखालची ओळ जास्त बोलकी आहे. पहिली चूक करणारी चार मुलं होती, उरलं एक. दुसरी चूक करणारी तीन होती, उरली दोन. म्हणजे गठ्ठा सोडायचा असतो हे काड्यांनी शिकवलं, पण सोडल्यावर दशक कमी लिहायचं हे अजून नीट बसलेलं नाही. आता मसुद्यात वाक्य आहे : ‘पुढचं काम लिहिण्याच्या पायरीवर करायचं आहे.’ अमेरिकेच्या फुलब्राइट शिक्षक-शिष्यवृत्तीत वर्गातल्या एका प्रश्नावर प्रकल्प करायचा असतो. हा तसाच प्रश्न आहे, छोटा आणि नेमका.

(दृश्य : बाई संगणकावर मसुदा वाचतात.)

गावाच्या वर्णनाचा परिच्छेद दोन ओळींवर आणला आहे. तुलनेसाठी दुसरा वर्ग नव्हता, त्यामुळे नेहमीच्या शिकवण्यानं किती मुलं सुधारली असती ते सांगता येत नाही, हेही निबंधात आहे. ते लपवलं तर वाचणारा तोच प्रश्न मुलाखतीत विचारतो.

आईवडील ऊसतोडीला गेले तरी गावातच, हंगामी वसतिगृहात राहिलेली मुलं चौदात आहेत. गेलेली चार मार्च-एप्रिलमध्ये परततील, तेव्हा त्यांची चाचणी वेगळ्या तक्त्यात नोंदवली जाईल. अर्जाची मुदत त्याआधी संपते.