एकच रकाना, दोन प्रश्न: छोट्या पोर्टफोलिओचा व्हार

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, व्हॅल्यू ॲट रिस्क, म्हणजे आपला व्हार, काय असतो हे इथे बहुतेकांना ठाऊक आहे, त्यामुळे व्याख्या एकाच ओळीत: ठरावीक खात्रीने तोटा ज्याच्या पुढे जाऊ नये, तो आकडा. हिस्टॉरिकल सिम्युलेशन बरं की व्हेरियन्स-कोव्हेरियन्स, हा आजचा विषय. त्याआधी एक गोष्ट मांडतो, कारण ती लक्षात आली की निम्मा वाद आपोआप मिटतो. नुसत्या शेअर्सच्या पोर्टफोलिओत या दोन पद्धतींसाठी वेगवेगळी माहिती लागत नाही. आकड्यांचा एकच रकाना दोघींना पुरतो.

दहा लाखांचा पोर्टफोलिओ घेऊ. चार लाख एका मोठ्या तेल कंपनीत, साडेतीन लाख खासगी बँकेत, अडीच लाख आयटीत. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत. तिघांचं रोजचं प्रमाण विचलन अनुक्रमे १.४, १.३ आणि १.६ टक्के धरा. रुपयांत ते ५,६००, ४,५५० आणि ४,००० होतं. तेल आणि बँक यांचा सहसंबंध ०.४, बाकी दोन जोड्यांचा ०.३. तिन्ही आकड्यांचे वर्ग घ्या, प्रत्येक जोडीसाठी दोन गुणिले सहसंबंध गुणिले दोघांचे रुपये ही रक्कम त्यात मिळवा आणि वर्गमूळ काढा. उत्तर येतं सुमारे १०,६२१ रुपये. याला २.३२६ ने गुणलं की ९९ टक्क्यांचा एका दिवसाचा व्हार, म्हणजे साधारण २४,७०५. पाठ्यपुस्तकातली रीत ती हीच.

आता ही विचलनं आणि सहसंबंधांची मॅट्रिक्स बाजूला ठेवा. मागच्या ५०० दिवसांतल्या प्रत्येक दिवशी तिन्ही शेअर किती टक्के हलले ते घ्या आणि आजच्या रकमांना लावा. आजच्या, तेव्हाच्या नव्हे. तेव्हा हातात किती शेअर होते याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. तिघांची बेरीज केली की नफ्यातोट्याच्या ५०० ओळींचा एक रकाना तयार होतो. विचलनं आणि सहसंबंध याच ५०० दिवसांवरून काढले असतील, तर या रकान्याचं प्रमाण विचलन मॅट्रिक्सच्या उत्तराशी तंतोतंत जुळतं. म्हणून हा रकाना शीटमध्ये E खाली ठेवला, की दोन ओळी पुरतात:

```
=2.326*STDEV.S(E2:E501)
=-SMALL(E2:E501,5)
```

पहिली ओळ व्हेरियन्स-कोव्हेरियन्सची, दुसरी हिस्टॉरिकलची. पहिली विचारते की हा रकाना घंटेच्या आकाराचा असता तर शेपूट कुठवर गेलं असतं. दुसरी विचारते की प्रत्यक्षात पाचवा वाईट दिवस कोणता होता. सगळा फरक एवढाच.

दुसऱ्या ओळीत `PERCENTILE.INC` वापरणारे बरेच आहेत. ५०० ओळींत ०.०१ दिलं की ते फंक्शन ५.९९ व्या स्थानावर जाऊन थांबतं, म्हणजे जवळजवळ सहाव्या वाईट दिवसावर. दोन जणांची उत्तरं हजारभर रुपयांनी वेगळी आली, तर पहिली शंका इथे घ्या.

आता ज्यासाठी मी खरं तर इथे उभा आहे, ते. भावांचा डेटा न तपासता पद्धतींवर वाद घालणं मला सहन होत नाही. रिलायन्सचा एकास एक बोनस घ्या, एक्स-डेट २८ ऑक्टोबर २०२४. आदल्या सत्रात भाव सुमारे २,६५५ होता, त्या दिवशी बंद झाला १,३३४ च्या आसपास. कुणाचाही रुपया बुडाला नाही, शेअर दुप्पट झाले. पण समायोजन न केलेल्या भावांच्या फाईलला ती उणे ५० टक्क्यांची घसरण दिसते. आपल्या उदाहरणातल्या तेल कंपनीच्या शेअरमध्ये अशी एक ओळ शिरली, तर चार लाखांवर दोन लाखांचा खोटा तोटा रकान्यात येऊन बसतो.

दोन्ही पद्धती याला कसं तोंड देतात ते नीट बघा. प्रमाण विचलनात तोट्याचा वर्ग होतो, म्हणून ही एकटी ओळ आकडा १०,६२१ वरून १३,८८५ च्या आसपास नेते आणि व्हार ३२,३०० च्या घरात जातो. चूक मोठी आहे, पण ती ओरडून सांगते: त्या शेअरचं विचलन १.४ वरून जवळपास २.६ टक्के होतं आणि बँकेशी असलेला सहसंबंध ०.४ वरून ०.२ च्या जवळ घसरतो. असं दिसलं की डेटा उघडून बघायचा. हिस्टॉरिकलमध्ये मात्र खोटी ओळ सगळ्यात वर जाऊन बसते आणि बाकीच्या एकेक पायरी खाली सरकतात. आधी पाचवा वाईट दिवस २९,२०० चा होता, आता पाचव्या जागी चौथा येतो, ३१,०००. एवढा फरक पाहून कुणाला शंका येणार? आकडा पटण्यासारखा वाटतो आणि चूक महिनोन्‌महिने तशीच राहते. म्हणून रकाना क्रमाने लावून वरच्या दहा ओळी स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि पंधरा टक्क्यांपुढच्या प्रत्येक हालचालीची तारीख बोनस, स्प्लिट, डिमर्जरशी ताडून पाहा. डिमर्जर त्यातल्या त्यात फसवा, कारण त्यातली घसरण पाच-दहा टक्क्यांची असू शकते. ती खऱ्या पडझडीसारखी दिसते आणि या चाळणीतून निसटते. मुहूर्त ट्रेडिंगच्या तासाभराच्या सत्राला पूर्ण दिवस धरायचं की नाही, हेही एकदा ठरवून ठेवा. त्याने व्हार फारसा हलत नाही, पण ओळी मोजताना दोन शीट जुळत नाहीत.

संयोजकांनी चिठ्ठी पाठवली आहे, तेव्हा मूळ प्रश्न आता झरझर घेतो.

स्वच्छ रकान्यातले पाच वाईट दिवस असे धरू: ५५,०००, ३८,०००, ३४,५००, ३१,००० आणि २९,२००. ९९ टक्क्यांवर हिस्टॉरिकल २९,२०० सांगतं, व्हेरियन्स-कोव्हेरियन्स २४,७०५. शेअर बाजाराचं शेपूट घंटेपेक्षा जाड असतं, त्याचा हा परिणाम. पण ९५ टक्क्यांवर गुणक १.६४५, उत्तर १७,४७२. आणि पंचविसावा वाईट दिवस कदाचित १६,४०० चाच निघतो. म्हणजे तिथे घंटाच जास्त सावध. ‘हिस्टॉरिकल नेहमी कडक’ हे विधान म्हणूनच चुकीचं आहे. पातळी विचारा, मग बोला.

हिस्टॉरिकलचे दोन दोष. एक, पहिला दिवस ५५,००० चा असो की दोन लाखांचा, पाचवा तोच राहतो; त्यामुळे पाचही दिवसांची सरासरी, इथे ३७,५४०, शेजारी लिहाच. दोन, भुताचा परिणाम. ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालादिवशी, निफ्टी सुमारे ५.९ टक्के पडला. असा दिवस, म्हणजे आपला ५५,००० चा, ५०० ओळींतून बाहेर पडतो त्या सकाळी सहावा दिवस पाचवा होतो, २८,३०० समजा, आणि बाजारात काहीच न घडता व्हार ९०० ने उतरतो. व्हेरियन्स-कोव्हेरियन्सही उतरतो, सुमारे ६७० ने. सगळ्या ५०० दिवसांना समान वजन देणाऱ्या खिडकीचा हा दोष दोघींनाही आहे. उपाय जे. पी. मॉर्गनच्या रिस्कमेट्रिक्सचा: कालच्या व्हेरियन्सला ०.९४ आणि आजच्या परताव्याच्या वर्गाला ०.०६ वजन. त्याचं वर्गमूळ म्हणजे त्या दिवसाचं विचलन. आजचं विचलन त्या-त्या दिवसाच्या विचलनाने भागून जुन्या ओळींना गुणलं, तर जाड शेपूटही टिकतं आणि आजचा चढउतारही दिसतो. छोट्या पोर्टफोलिओसाठी मी हेच निवडेन. शीटमध्ये फक्त दोन रकाने वाढतात.

आणि पडताळणी. २५० दिवसांत ९९ टक्क्यांचा व्हार अडीच वेळा मोडणं, म्हणजे तोटा त्याच्या पुढे जाणं, अपेक्षित आहे. बँकांसाठीच्या बाझलच्या नियमात चारपर्यंत हिरवा, पाच ते नऊ पिवळा, दहापासून लाल. दोन्ही आकडे रोज संध्याकाळी शेजारीशेजारी लिहा आणि दुसऱ्या दिवशीचा तोटा त्यांच्यासमोर मांडा. मोडलेले दिवस एकामागोमाग एक आले, तर संख्या हिरव्यात असली तरी खिडकी फार लांब आहे असं समजा.