रंधा खाली ठेवा, कपाट पुढे ओढा

आपण सर्वांनी घरात वाळवी पाहिलेली आहे, त्यामुळे ती दिसते कशी हे मी सांगत बसणार नाही. ती दिसण्याआधी लाकूड काय सांगत असते आणि ते ऐकू आल्यावर पहिल्यांदा काय करावे, एवढाच आजचा विषय आहे. मात्र त्याआधी मला माझी एक फजिती सांगितली पाहिजे, कारण जे मला कळले ते त्या फजितीतूनच कळले.

एका घरातून निरोप आला की कपाटाचा खालचा खण अडकतो आहे. लाकूड फुगले असेल असे समजून मी खणाच्या कडेवरून रंधा मारला आणि खण सुरळीत सरकू लागला. दोन महिन्यांनी तीच तक्रार पुन्हा आली आणि मी पुन्हा रंधा मारला. तिसऱ्या वेळी मात्र खण पूर्ण बाहेर काढून मी आतल्या उभ्या फळीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत वरून खाली आलो. वरच्या भागात टणक आवाज येत होता, पण तळापासून वीतभर उंचीपर्यंत तो बद्द येऊ लागला. तिथे टोकाने जरा दाबताच टोक आत गेले. वरचा पापुद्रा कागदाइतका उरला होता. आत लाकडाच्या रेषेला धरून पोखरलेल्या लांबट पोकळ्या होत्या आणि त्यांत वाळलेली माती भरलेली होती. ज्या फळीला मी दोनदा निर्दोष ठरवले होते, ती केवळ रंगाच्या आधारावर उभी होती. (आपण हसता आहात; त्या दिवशी मला हसू आले नव्हते.)

कपाट पुढे ओढल्यावर उलगडा झाला. फरशी आणि भिंत जिथे मिळतात त्या सांध्यातून पेन्सिलीएवढ्या जाडीची मातीची रेघ निघून कपाटाच्या पाठीत शिरली होती. भिंतीपलीकडे न्हाणीघराचा नळ होता आणि तो झिरपत होता. त्या ओलीनेच लाकूड फुगत होते, म्हणून खण अडकत होता, आणि त्याच ओलीने वाळवीलाही वाट करून दिली होती. म्हणजे अडकणारा खण ही पहिली खूण होती आणि मी ती दोन्ही वेळा रंध्याने पुसून टाकली होती. रंगाला विनाकारण आलेले फुगे, पायाजवळ फुगलेले प्लायवूड, बोटाने दाबल्यावर दबणारी कड, खिडकीपाशी गळून पडलेले एकसारख्या लांबीचे पंख, या साऱ्या त्याच जातीच्या खुणा आहेत. आपले कपाट सागाचे आहे असे कोणी मनात म्हणत असेल, तर सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही हे खरे आहे. पण सालीलगतचे फिकट लाकूड आणि कपाटाची प्लायवूडची पाठ यांना तो नियम लागू नाही.

संयोजकांनी घड्याळ दाखवले आहे आणि मुख्य गोष्ट अजून राहिलीच आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. मातीची रेघ दिसताच बहुतेक जण ती ओल्या फडक्याने पुसतात किंवा तिच्यावर फवारा मारतात. ती रेघ म्हणजे आतून पोकळ नळी असते. वाळवीचे अंग उघड्या हवेत लवकर सुकते, म्हणून ती अशा झाकलेल्या वाटेने ये-जा करते. नळीत थोड्याच वाळव्या असतात, घर मात्र जमिनीत असते. नळी पुसली तर वाट तेवढी नाहीशी होते आणि घर तसेच राहते.

म्हणून पहिले पाऊल असे की, कपाट भिंतीपासून हातभर पुढे घ्यावे, नळीचा मधला 2 ते 3 सेंटीमीटर भाग तोडावा, वरचे आणि खालचे टोक तसेच ठेवावे आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहावी. काही दिवसांत तुटलेल्या जागी ओलसर, गडद रंगाची नवी माती दिसली, तर वाळवी आत जिवंत आहे. मग जमिनीपर्यंत उपचार करणाऱ्या माणसाला बोलवावे आणि ओलही बंद करावी. नळी तशीच तुटलेली राहिली, तरी वाळवी गेली असे मात्र समजू नये, कारण तिने दुसरी वाट धरलेली असू शकते. म्हणून आजूबाजूचे लाकूड ठोकून पाहावे.

शेवटी एक पुरवणी जोडतो. मातीची रेघ कुठेच नाही, पण लाकडाखाली खसखशीसारखे कोरडे, टणक कण साठत आहेत, असे दिसले तर ती सुकी वाळवी असते आणि तिला जमिनीची गरजच नसते. तिथे तोडायला नळी नसते, म्हणून कण झाडून खाली काळा कागद अंथरावा आणि नव्याने किती पडतात ते पाहावे. कणांऐवजी पिठासारखा भुगा पडत असेल, तर ते बहुधा लाकडातल्या भुंग्याचे काम असते. त्याच्याविषयी आज वेळ उरलेला नाही.