आकाशावर उमटलेली डोंगराची कड

नमस्कार श्रोतेहो. ज्वालामुखीचा फोटो हातात आला की आपली नजर धुराकडे, आगीकडे जाते. आज ते सगळं बाजूला ठेवून फक्त आकाश आणि डोंगर यांच्या मधली रेघ पाहूया. ही रेघ वाचता आली, तर डोंगर कसा घडला याचा बराचसा अंदाज तिच्यावरूनच येतो.

या रेघेवरून आज तीन प्रकारचे ज्वालामुखी ओळखूया. त्यातला ढाल ज्वालामुखी ओळखायला सोपा. हवाई बेटावरचा मौना लोआ समुद्रसपाटीपासून ४,१६९ मीटर उंच आहे, तरी त्याच्या फोटोत डोंगर आहे हेच अनेकांच्या लक्षात येत नाही. पालथी ठेवलेली ढाल असावी तशी कड हळूहळू चढते आणि माथ्याजवळ आणखी सपाट होते. उतार सहसा दहा अंशांपेक्षा कमी असतो. तिथला बेसाल्टचा लाव्हा पातळ असतो आणि थिजण्याआधी कित्येक किलोमीटर वाहत जातो, त्यामुळे डोंगर उंचीपेक्षा रुंदीलाच जास्त वाढतो.

खरी गल्लत होते ती उरलेल्या दोघांत. सिंडर कोन, म्हणजे जळक्या, सच्छिद्र खड्यांचा शंकू, आणि स्तरित ज्वालामुखी, म्हणजे लाव्हा आणि राख यांच्या थरांवर थर चढून झालेला मोठा पर्वत. दोघंही टोकदार दिसतात.

आधी सिंडर कोन कसा बनतो ते पाहू. २० फेब्रुवारी १९४३ या दिवशी मेक्सिकोतल्या एका मक्याच्या शेतात जमीन फाटली आणि पारिकुतीन जन्माला आला. मुखातून उडालेले खडे आजूबाजूला पडत गेले, त्यांचा ढीग झाला. खडीचा ढीग कितीही मोठा केला तरी त्याचा उतार एका मर्यादेपलीकडे चढत नाही, खडे घसरून खाली येतात. ही मर्यादा साधारण तेहतीस अंशांची. म्हणून शंकूची बाजू वरपासून खालपर्यंत पट्टीने आखल्यासारखी सरळ असते आणि पायथ्याशी ती जमिनीला एकदम येऊन भिडते. माथाही छाटल्यासारखा दिसतो, कारण मुख रुंद असतं: ताज्या शंकूत पायाच्या रुंदीच्या जवळजवळ चाळीस टक्के. पारिकुतीन १९५२ मध्ये थांबला तेव्हा शेतापासून त्याची उंची ४२४ मीटर होती, आणि सिंडर कोनमध्ये ही उंची बरीच मानली जाते.

आता जपानचा फुजी घ्या. ३,७७६ मीटर. माथ्याजवळ त्याचाही उतार तीस अंशांच्या वर आहे, म्हणून फोटोत फक्त शेंडा आला असेल तर तो सिंडर कोन वाटू शकतो. पण नजर खाली आणा. कड आत वळत जाते, पसरते, आणि शेवटी इतकी मंद होते की डोंगर कुठे संपला ते सांगता येत नाही. दाट लाव्हा आणि जड खडे मुखापाशीच साचतात, तर बारीक राख आणि पावसाबरोबर वाहिलेला चिखल दूरवर जाऊन पसरतो. फुजीचा पाया सुमारे ४० किलोमीटर रुंद आहे आणि मुख एक किलोमीटरसुद्धा नाही. त्यामुळे माथा टोकदार वाटतो.

मोजून पाहायचं असेल तर फोटोवर पट्टी ठेवा. कडेवरून आडवी तीन मापं गेल्यावर रेघ दोन मापं चढत असेल, तर उतार तेहतीस-चौतीस अंशांचा. हेच माप शेंड्याजवळ, मध्यावर आणि पायथ्याशी घ्या. तिन्हीकडे सारखंच आलं तर सिंडर कोन, खाली येताना उतार मंदावत गेला तर स्तरित. पायथा फोटोत नसेल तर मी निर्णय देत नाही. संगणकाने उंची ताणून काढलेल्या चित्रावरही हे माप लावू नका. त्यात मौना लोआसुद्धा सुळका वाटेल.

आणि एक डोंगर असा आहे की तिथे ही रेघसुद्धा चकवते. न्यूझीलंडचा न्गाउरुहोए जवळजवळ सरळ बाजूंचा, नेटका शंकू आहे. कड पाहून कुणीही सिंडर कोन म्हणेल. पण तो भोवतालच्या जमिनीपासून सुमारे ९०० मीटर वर उठलाय, म्हणजे पारिकुतीनच्या दुपटीहून जास्त. तो टोंगारिरो या मोठ्या स्तरित ज्वालामुखीचाच भाग आहे. अशा वेळी रेघ सोडून डोंगराच्या अंगाकडे पाहायचं. न्गाउरुहोएच्या उतारावर १९५४ साली वरून खाली वाहिलेले लाव्ह्याचे काळे ओघ दिसतात. सिंडर कोनच्या सुट्या खड्यांना मुखात भरलेला लाव्हा सहसा पेलत नाही, तो पायथ्यातून वाट काढतो. पारिकुतीनचा लाव्हाही असाच खालून निघाला आणि जवळचं गाव गाडून गेला. तिथल्या चर्चचा मनोरा आजही त्या काळ्या खडकातून वर आलेला दिसतो.