अंड्याला पाणी का सुटतं?

[दृश्य: पुणे, सदाशिव पेठेतलं एक स्वयंपाकघर. सकाळचे सात. ओट्यावर स्क्रॅम्बल्ड एगची प्लेट.]

ही प्लेट जरा जवळून बघा. अंड्याचे गोळे चमच्यानं दाबले की रबरासारखे उसळतात, आणि खाली ब्रेडच्या कडेला फिकट पाणी साचलंय. पाणी दिसलं की वाटतं, अंडं कच्चं राहिलं, आणि पॅन पुन्हा गॅसवर जातो. पण कच्चं अंडं ओघळतं ते दाट आणि पिवळं. हे पाणी पातळ आहे. म्हणजे अंडं गरजेपेक्षा जास्त शिजलंय, आणि आता तापवलं तर आणखी पाणी सुटेल.

[दृश्य: पंचातून टांगलेला चक्का. थेंब थेंब पाणी.]

अंड्यात सुमारे पाऊण हिस्सा पाणीच असतं. तापल्यावर त्यातली प्रथिनं उलगडतात, एकमेकांत अडकतात आणि त्यांची जाळी तयार होते. पाणी त्या जाळीत धरून ठेवलेलं असतं. फेटलेलं अंडं साधारण 70 ते 75 अंश सेल्सिअसला घट्ट होतं. त्यापुढे तापत गेलं की जाळी आवळायला लागते. चक्क्याचा पंचा पिळावा, तसं पाणी बाहेर पडतं. मागे उरतो तो चिवट गोळा.

[दृश्य: दोन वाट्या, प्रत्येकी तीन अंडी.]

आता मिठाचं. पहिल्या वाटीत अंडी फेटताना पाव चमच्याला थोडं कमी मीठ घातलं आणि पंधरा मिनिटं ठेवून दिली. दुसरीत मीठ पॅनमध्ये, अगदी शेवटी. पहिल्या वाटीतलं मिश्रण गडद केशरी दिसायला लागतं, आणि बघणाऱ्याला वाटतं, बिघडलं. बिघडलेलं नाही. मिठामुळे प्रथिनांची आपसातली ओढ बदलते, तापल्यावर ती एकमेकांना तितकी घट्ट आवळत नाहीत, म्हणून पाणी आत राहतं. पंधरा मिनिटं नसतील तर निदान फेटतानाच मीठ घाला. आच मोठी असेल तर मात्र कितीही आधी घातलेलं मीठ वाचवू शकत नाही.

[दृश्य: बारीक आच, वितळतं लोणी.]

लोणी फेसाळलं, पण लाल झालेलं नाही. पहिल्या वाटीतली अंडी पॅनमध्ये. तळापासून सावकाश उलथणं फिरवत राहायचं. गाडीवरच्या भुर्जीला मोठी आच शोभते, कारण तिथे मोकळी, कोरडी भुर्जीच हवी असते. इथे मऊ गोळे हवेत. दूध घालायचंच तर चमचाभर. जास्त दुधानं जाळी विरळ होते आणि पाणी लवकर सुटतं.

तीन-चार मिनिटांत गोळे धरतात, वरून अजून ओलसर चमकतात. इथेच गॅस बंद, आणि लगेच प्लेटमध्ये, कारण गरम पॅनमध्ये अंडं शिजतच राहतं.

[दृश्य: दोन मिनिटांनंतर तीच प्लेट. चमच्यानं गोळा बाजूला सारला जातो. खालचा ब्रेड कोरडा.]